फिरतो पण आवळत नाही : बिजागरीच्या सैल स्क्रूवर खुंटीचा इलाज

दार जमिनीला घासायला लागलं की बहुतेक घरांत पहिला संशय पावसावर जातो. लाकूड फुगलं असेल, उन्हाळ्यात बसेल आपोआप, असं म्हणून दोन महिने दार उचलून लावलं जातं. मग कुणीतरी सुताराला बोलावतं आणि तो दाराच्या खालच्या कडेवरून रंधा मारून जातो. दार तासलं जातं, पण ते ज्या कारणानं खाली आलेलं असतं ते वरच्या बिजागरीत तसंच राहतं. सहा महिन्यांनी दार पुन्हा घासतं.

म्हणून रंध्याच्या आधी स्क्रू ड्रायव्हर काढावा. दार अर्धं उघडून मुठीकडच्या बाजूनं हळूच वर उचलावं आणि नजर वरच्या बिजागरीवर ठेवावी. बिजागरीचं पान चौकटीपासून जरासं जरी हललं तर दुखणं तिथंच आहे. मग एकेक स्क्रू आवळून पाहावा. धड असलेला स्क्रू पाव फेऱ्यात घट्ट होऊन हाताला थांबवतो. गेलेला स्क्रू फिरतच राहतो, आणि बोटांनी धरून ओढला की सरळ बाहेर येतो. त्याच्या आट्यांत लाकडाचा भुगा गच्च बसलेला असतो.

तो भुगा फेकून देऊ नका, आधी पाहा. पुढे काय करायचं ते त्याच्यावरच ठरतं. भुगा लाकडाच्याच रंगाचा आणि तुसासारखा असेल तर तंतू ताणानं तुटलेत, बाकीचं लाकूड निरोगी आहे. काळा आणि बोटावर डाग पाडणारा असेल तर ओल आणि लोखंडाचा गंज यांनी मिळून भोकाच्या भोवतीचं लाकूड कुजवलंय. पिठासारखा बारीक असेल किंवा सोबत माती असेल तर भुंगा किंवा वाळवी आहे, आणि मग प्रश्न स्क्रूचा राहिलेला नाही. पहिल्या प्रकाराला लाकडी खुंटी हा पक्का इलाज आहे. दुसऱ्या प्रकारात काळं लाकूड पूर्ण निघेल एवढं भोक पाडता आलं तरच खुंटी बसवावी. तिसऱ्या प्रकारात ती बसवण्यात काही अर्थ नाही.

स्क्रू लाकडाला धरतो म्हणजे नेमकं काय होतं, हे समजलं की दुरुस्तीतलं बरंच काही आपोआप कळतं. आट्यांची धार तंतूंमध्ये शिरते आणि दोन आट्यांच्या मध्ये लाकडाची एक पातळ चकती उरते. स्क्रू ओढला जातो तेव्हा सगळा जोर या चकत्यांवर येतो. त्या शाबूत आहेत तोवर पकड आहे, त्या कातरल्या गेल्या की भोकात नुसता भुगा उरतो. त्याच भोकात तोच स्क्रू कितीही आवळला तरी पकड परत येत नाही, कारण धरायला लाकूडच शिल्लक नसतं. शेवटचा एक फेरा जास्त दिला तरी हेच होतं. स्क्रूचं डोकं पानावर टेकलेलं असतं, त्यामुळे स्क्रू पुढे जाऊ शकत नाही आणि फिरणारे आटे स्वतःच चकत्या कातरतात. हातानं आवळताना हे कळतं, पण बॅटरीच्या ड्रिल मशीननं स्क्रू मारताना अर्ध्या सेकंदात होऊन जातं.

आपल्याकडे याहूनही जास्त नुकसान हातोडी करते. स्क्रू तीन चतुर्थांश ठोकायचा आणि शेवटचे दोन फेरे पेचकसानं द्यायचे, ही पद्धत इतकी रूढ आहे की नव्या दारांचे स्क्रूही असेच बसवले जातात. ठोकलेला स्क्रू खिळ्यासारखा तंतू फाडत आत जातो. आट्यांनी कापून बसण्याची संधीच त्याला मिळत नाही. असं दार पहिल्या दिवसापासूनच अर्ध्या पकडीवर उभं असतं.

आता दाराच्या वजनाचा हिशोब करू, कारण दार जड आहे म्हणून स्क्रू निघाले हा समज अगदी घट्ट आहे. साधं फ्लश डोअर घ्या : रुंदी ८० सेंमी, वजन साधारण ३० किलो, वरच्या आणि खालच्या बिजागरीत दीड मीटर अंतर. दाराचं वजन त्याच्या मध्यावर, म्हणजे बिजागरीपासून ४० सेंमीवर आहे असं धरलं, तर वरच्या बिजागरीला चौकटीपासून बाहेर ओढणारा जोर येतो ३० गुणिले ४० भागिले १५०, म्हणजे ८ किलो. चार स्क्रूंत वाटला तर प्रत्येकी दोन किलो. दुसरीकडे, आठ नंबरचा स्क्रू सागवानासारख्या लाकडात नीट भोक पाडून २० मिलिमीटर रुतवला तर तो सरळ उपसायला सुमारे अडीचशे ते तीनशे किलोचा जोर लागतो. दोन किलोसाठी तो निघेलच कसा?

तो निघतो तरफेमुळे. दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून बिजागरीच्या बाजूच्या फटीत घडी घातलेला कागद, रबरी चप्पल नाहीतर लाकडाचा तुकडा खुपसायची सवय घरोघरी असते. समजा तो तुकडा बिजागरीच्या पिनेपासून ४ सेंमीवर आहे आणि तिथून दाराची मूठ ७२ सेंमीवर. कुणी विसरून मुठीला फक्त ५ किलोचा धक्का दिला तरी बिजागरीवर त्याच्या अठरापट, म्हणजे ९० किलोचा ओढा बसतो. जोरात ढकललं तर तीनशेच्याही पुढे. शिवाय तो चारही स्क्रूंवर सारखा वाटला जात नाही, पानाची जी कड आधी उचलली जाते तिथल्या दोन स्क्रूंवर बहुतेक सगळा येतो. एका धक्क्यात स्क्रू उपसला जाणार नाही, पण हे रोज होत राहिलं तर चकत्या एकेक करून जातात.

कधी कधी फटीत काही खुपसलेलं नसतं, तरी हाच प्रकार चालू असतो. स्क्रूचं डोकं पानातल्या खळगीपेक्षा मोठं असेल तर ते वर डोकावतं, आणि दार मिटताना दोन्ही पानांमधली डोकी एकमेकांवर टेकतात. किंवा बिजागरीची खाच जास्त खोल घेतलेली असते, म्हणून दाराची कड चौकटीवर आधी दाबते आणि दार पूर्ण मिटत नाही. घरातले लोक ते ढकलून कडी लावतात. अशा दाराला खुंट्या मारून नवे स्क्रू लावले आणि डोकी मात्र तशीच डोकावत ठेवली, तर वर्षभरात दुरुस्ती वाया जाते. म्हणून जुना स्क्रू का निघाला याचं उत्तर हातात आल्याशिवाय फेविकॉलची बाटली उघडू नये.

सैल भोकावर घरगुती इलाज पुष्कळ आहेत. काड्यापेटीच्या काड्या फेविकॉलमध्ये बुडवून भोकात भरणं हा सर्वांत प्रसिद्ध. कपाटाच्या हलक्या झडपेला तो चालतो, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण काड्यांचं लाकूड मऊ असतं, त्यांच्या मधल्या फटी भरत नाहीत, आणि मुख्य म्हणजे भोकाच्या भुगा झालेल्या भिंती तशाच राहतात. काड्या त्या भुग्याला चिकटतात. भुसा आणि फेविकॉलचा लगदा तर याहून कच्चा, कारण त्यात सलग तंतू नसतात आणि आट्यांना धरायला तंतूच लागतात. भिंतीसाठीचे प्लास्टिकचे प्लग लाकडात बसवून काही मिळत नाही. लांब किंवा जाड स्क्रू घालणं हा मार्ग काही वेळा बरा असतो. चौकट जाड असेल तर सव्वा इंचाऐवजी दोन इंची स्क्रू मागच्या कोऱ्या लाकडात पकड घेतो. जाड स्क्रूचं डोकं मात्र पानाच्या खळगीत बसत नाही आणि तरफेचा खेळ पुन्हा सुरू होतो. खुंटी वेगळी ठरते ती यासाठी की तिच्यासाठी जुनं भोक मोठं करताना खराब लाकूड निघून जातं आणि डिंक ताज्या, निरोगी लाकडाला लागतो.

खुंटी कोणती घ्यावी, यावर थोडं थांबावं लागेल. हार्डवेअरच्या दुकानात डॉवेल म्हणून गोल, अंगावर उभ्या रेघा असलेल्या तयार खुंट्या मिळतात. व्यास ६, ८ किंवा १० मिलिमीटर. त्या रेघा शोभेच्या नाहीत. गुळगुळीत खुंटी डिंक भरलेल्या भोकात ठोकली तर ती पिचकारीच्या दट्ट्यासारखी वागते : कोंडलेली हवा आणि डिंक यांना बाहेर पडायला वाट नसते, मग एकतर खुंटी मागे ढकलली जाते किंवा चौकटीला चीर पडते. रेघांतून जादा डिंक वर येतो. घरी खुंटी केली असेल तर तिच्या अंगावर करवतीनं एक उभी खाच पाडावी आणि खालचं टोक पॉलिशपेपरवर जरा निमुळतं करावं, एवढं पुरतं.

आठ नंबरच्या स्क्रूची जाडी साधारण ४.२ मिलिमीटर. त्याला १० मिलिमीटरची खुंटी घेतली तर भोवती सगळीकडे जवळजवळ ३ मिलिमीटर लाकूड उरतं. पण भोक चौकटीच्या कडेला अगदी लागून असेल तर १० चं बिट कड फोडून बाहेर येऊ शकतं, तिथे ८ ची घ्यावी. सहा मिलिमीटरच्या खुंटीत स्क्रूभोवती एक मिलिमीटरहूनही कमी लाकूड राहतं, ती आवळतानाच चिरते.

आता एक गोष्ट जी बहुतेक लोक लक्षात घेत नाहीत. तयार खुंटीत तंतू तिच्या लांबीच्या दिशेनं असतात. स्क्रू तिच्यात जातो तो तंतूंच्या आडवा नव्हे, त्यांना समांतर. आटे तंतूंना आरपार पकडण्याऐवजी त्यांच्या मध्ये शिरतात. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन इथे १९१० पासून चालणारी फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरी लाकडाच्या अशाच गोष्टी मोजत आली आहे. तिच्या माहितीपुस्तकात दिलेल्या अंदाजाप्रमाणे लाकूड चिरलं नाही तर तंतूंना समांतर घातलेल्या स्क्रूची पकड आडव्या स्क्रूच्या सरासरी ७५ टक्के असते, आणि ती स्क्रूगणिक बरीच कमीजास्त होते. म्हणजे तयार खुंटी वापरली तर सुमारे पाव पकड गेली असं समजावं. वर पाहिलेल्या हिशोबात दोन किलोच्या ओझ्यासमोर हे काहीच नाही, म्हणून साध्या दाराला ती चालते. शिवाय पकड लाकडाच्या घनतेच्या जवळजवळ वर्गानं वाढते, त्यामुळे देवदाराच्या हलक्या चौकटीत सागाची किंवा तशाच कठीण लाकडाची खुंटी बसवली तर गेलेली पाव पकड व्याजासह परत मिळते.

जड दार असेल तर मात्र आडव्या तंतूंची खुंटी करावी. सागाच्या तुकड्याच्या सपाट अंगावर प्लग कटर लावून कापलेली खुंटी अशी असते. ती चौकटीत बसवताना तिच्या रेषा चौकटीच्या उभ्या रेषांशी जुळवल्या की लाकूड जणू सलग होतं आणि स्क्रू पुन्हा तंतूंच्या आडवा जातो. तिची अडचण खोलीची : बाजारातले साधे कटर फार लांब खुंटी कापत नाहीत, तेव्हा स्क्रूची लांबी आधी पाहून घ्यावी. बांबूच्या काड्यांपासून खुंटी करू नका. बांबूच्या बाहेरच्या चकचकीत सालीला डिंक नीट धरत नाही आणि स्क्रू शिरताच तो उभा चिरतो.

प्रत्यक्ष काम कसं होतं ते एका दारावरच सांगतो. शेजारच्या काकूंच्या झोपायच्या खोलीचं दार. सागवानी चौकट, वर सांगितल्या मापाचं फ्लश डोअर, चार इंची तीन बिजागऱ्या. वरच्या बिजागरीचे चौकटीतले चारपैकी तीन स्क्रू नुसते फिरत होते. काकूंचं म्हणणं, “अरे, दोनदा काड्या भरल्या, दोनदा निघाल्या. आता दारच बदलायचं म्हणतात हे.” भुगा पाहिला तर तो तांबूस, कोरडा, तुसासारखा. दारामागे फटीत वर्तमानपत्राची घडी अडकवलेली. दार बदलण्याचं काहीच कारण नव्हतं.

आधी दाराखाली दोन्ही टोकांना पाचरी सारून वजन जमिनीवर घेतलं. मग चौकटीकडचे स्क्रू खालच्या बिजागरीपासून वर काढत गेलो, सर्वांत वरचा शेवटी, आणि दुसऱ्या माणसानं दार धरून ठेवलं. हे काम एकट्यानं करू नये. आपल्याकडच्या बिजागऱ्यांची पिन बहुधा निघत नाही, म्हणून दार उतरवावंच लागतं. त्याशिवाय ड्रिल सरळ धरायला जागा मिळत नाही.

तीन भोकांतून काड्यांचे तुकडे आणि जुना डिंक उकरून काढला. स्क्रू ३२ मिलिमीटरचा, पानाची जाडी वजा जाता लाकडात जाणारा भाग ३० च्या आत. म्हणून भोक ३५ मिलिमीटर खोल ठरवलं आणि बिटाच्या टोकापासून तेवढ्यावर चिकटपट्टीचा वेढा दिला, तो चौकटीला टेकला की थांबायचं. जुन्या मोठ्या भोकात १० चं बिट घातलं की ते भोकाच्या आधीच्या तिरकेपणाच्या मागे भरकटतं. यावर उपाय सोपा आहे : एका लाकडी तुकड्याला १० मिलिमीटरचं सरळ भोक पाडून तो तुकडा जागेवर दाबून धरायचा आणि त्यातून बिट सोडायचं. भोकातून आधी काळपट भुगा आला, मग सागाचा ताजा, तेलकट वासाचा लांब कीस यायला लागला. निरोगी लाकूड लागल्याची हीच खूण. असा कीस आलाच नाही तर भोक आणखी खोल करत बसू नये, चौकटीचा तो भागच कापून नवा जोड द्यावा लागतो.

सागात नैसर्गिक तेल असतं आणि जुन्या पृष्ठभागावर डिंक कमी धरतो. म्हणून भोक पाडल्यावर ते दुसऱ्या दिवसासाठी न ठेवता लगेच भुगा झटकून डिंक लावला. पांढरा फेविकॉल खोलीच्या दाराला पुरेसा आहे. न्हाणीघराच्या दाराला मात्र पाण्याला टिकणाऱ्या प्रकारचाच डिंक हवा, कारण साधा पांढरा डिंक सतत ओल राहिली की मऊ पडतो. डिंक खुंटीइतकाच भोकाच्या भिंतींनाही लावायचा, काडीनं, वरपासून तळापर्यंत. नुसत्या खुंटीला लावलेला डिंक आत जाताना भोकाच्या तोंडाशीच खरवडला जातो. १० मिलिमीटर व्यासाची आणि साधारण ३३ मिलिमीटर आत गेलेली खुंटी जवळजवळ १० चौरस सेंटिमीटर लाकडाला चिकटते. स्क्रूचा जोर आता एवढ्या जागेवर पसरतो.

खुंटी बोटानं अर्धी आत जावी आणि उरलेली लाकडी हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी. बोटानंच पूर्ण गेली तर ती सैल आहे. पांढरा डिंक फटी भरून काढण्यासाठी नसतो, त्याला दोन्ही लाकडं एकमेकांना भिडलेली लागतात. जोरात ठोकावी लागली तर ती घट्ट आहे आणि चौकट चिरेल. आपल्याकडचे काही सुतार चाकूनं निमुळती खुंटी तासून ठोकतात. ती तोंडाशी गच्च बसते, बघायला पक्की दिसते, पण आत, जिथे आटे पकडणार असतात तिथे, तिच्याभोवती पोकळी राहते. ठोकता ठोकता आवाज बदलतो. तळाला टेकली की पोकळ टकटक जाऊन भरीव ठोका ऐकू येतो. बाहेर दोनतीन मिलिमीटर उरेल अशी खुंटी ठेवावी आणि वर आलेला डिंक ओल्या फडक्यानं पुसून घ्यावा.

मग थांबायचं. पुष्कळ दुरुस्त्या इथंच फसतात. तासाभरात डिंक कोरडा दिसतो, पण आतला कच्चा असतो. स्क्रूचं भोक पाडायला गेलं की खुंटीच बिटाबरोबर फिरते आणि अर्धवट जमलेला जोड कायमचा तुटतो. उन्हाळ्यात पूर्ण एक दिवस द्यावा, कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात दोन. दार तेवढे दिवस भिंतीला टेकून राहील, त्यानं काही बिघडत नाही.

वाळल्यावर खुंटीचं वर आलेलं डोकं हॅकसॉच्या सुट्या पात्यानं कापलं आणि धारदार पटाशीनं खाचेच्या तळाशी अगदी सपाट केलं. इथे अर्धा मिलिमीटरचा उंचवटा राहिला तरी बिजागरीचं पान डगमगतं. पान जागेवर बसवून प्रत्येक भोकाच्या बरोबर मध्यावर टोच्यानं खूण केली. बिट खुंटीच्या कडेला सरकू देऊ नये, म्हणून ही खूण खोल असावी. सागासाठी ३ मिलिमीटरचं बिट, मऊ लाकडासाठी अडीचचं. खुंटीत हे भोक न पाडता स्क्रू घातला तर तो पाचरीसारखा तिला उभा फाडतो, मग आधीचं सगळं काम पाण्यात.

स्क्रूच्या आट्यांवर मेणबत्ती घासली. साबण लावायची पद्धत आहे, पण साबण ओल धरून ठेवतो आणि लोखंडी स्क्रू गंजतो. पितळी स्क्रू लावायचे असतील तर आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू घालून काढावा, त्यानं आटे पडतात, नाहीतर कठीण लाकडात पितळी स्क्रूचं डोकंच तुटून हातात येतं. शेवटचे फेरे हातानंच द्यावेत. स्क्रू अर्धा आत गेल्यापासून हाताला विरोध हळूहळू वाढत गेला पाहिजे. डोकं पानाच्या खळगीत बसलं की तो एकदम वाढतो, तिथं थांबायचं. विरोध मधेच एकदम कमी झाला तर खुंटी चिरली आहे असं समजावं आणि ती पुन्हा ड्रिलनं काढून नवी बसवावी. आणखी आवळून ते सुधारत नाही.

दार चढवताना पाचरी पुन्हा खाली सारून उंची जुळवली आणि सर्वांत वरचा स्क्रू आधी लावला, मग बाकीचे. आधी सगळे सैलच ठेवले, दार दोनदा उघडून मिटून पाहिलं, मग आवळले. मिटलेल्या दाराच्या तिन्ही बाजूंना दोन-तीन मिलिमीटरची सारखी फट दिसली. दार ज्या कोनात सोडलं त्या कोनात उभं राहिलं. काकूंनी ते स्वतः चार वेळा लावून पाहिलं आणि मग म्हणाल्या, “पूर्वी हे असंच होतं, विसरायलाच झालं होतं.”

हा इलाज कुठे चालत नाही तेही सांगायला हवं. चौकट वाळवीनं पोखरलेली असेल, किंवा लाकडात स्क्रू ड्रायव्हरचं टोक अंगठ्याच्या जोरानं शिरत असेल, तर खुंटीला धरायलाच काही नाही. पोकळ फ्लश डोअरमध्ये बिजागरी चुकून आतल्या पोकळीवर आली असेल तर खुंटी आत पडेल. भरीव लाकडाची पट्टी फक्त कडेला असते, तिथवर बिजागरी सरकवावी लागते. स्वयंपाकघरातल्या पार्टिकल बोर्डच्या कपाटांना खुंटी चालते, पण फळी १८ मिलिमीटरचीच असल्यामुळे भोक १२-१३ च्या पुढे नेऊ नये, आणि बोर्ड पाण्यानं फुगून त्याचा चुरा होत असेल तर तो तुकडा बदलण्याला पर्याय नाही.

एवढं करून दार जागेवर बसलं की बिजागरीच्या फटीतली ती कागदाची घडी पहिल्यांदा काढून टाका, आणि घरातल्या सगळ्यांना सांगा. दार थोपवायचं असेल तर मुठीच्या बाजूला, जमिनीवर स्टॉपर लावा नाहीतर भिंतीला हूक. तिथे तोच धक्का बिजागरीवर अठरापट होऊन येत नाही.